नऊ घरं, आठ आकृत्या

भरतीच्या लेखी परीक्षेचे तीन भाग असत: अंकगणित, ड्रॉइंग वाचन आणि मुलं ज्याला नुसतं ‘आकृत्या’ म्हणत तो शेवटचा भाग. पेपर सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर शिव्या खायचा तो हा तिसरा. ‘व्हर्नियर वाचता येतो, जॉब बसवता येतो, मग हे बाण आणि गोळे कशाला?’ असं मुलं एकमेकांना विचारत. मी चहा घेत बाजूला उभा असे. मीही भोसरीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये मिलिंग मशीनवर काढलेल्या वर्षांनंतर चाकणच्या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात आलो होतो, त्यामुळे त्यांचा राग मला परका नव्हता. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयतून, औंधच्या सरकारी आयटीआयतून मुलं येत. त्याहून जास्त बीड, लातूर, नांदेड, जळगावहून येऊन महाळुंग्यात नाहीतर खराबवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहिलेली. ज्यांनी शाळेत शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती त्यांना ‘प्रश्नाकृती’ आणि ‘उत्तराकृती’ हे शब्द तरी ओळखीचे असत. बाकीच्यांनी असं कोडं पहिल्यांदा पाहिलेलं असे ते थेट भरतीच्या दिवशी.

कोड्याची ठेवण साधी असते. तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळी, म्हणजे नऊ घरं. आठ घरांत आकृत्या, उजवीकडचं खालचं नववं घर रिकामं. खाली चार, कधी सहा किंवा आठ उत्तराकृती. त्यातली कोणती त्या रिकाम्या घरात बसते ते सांगायचं. सूचना म्हणून एक अक्षर लिहिलं नाही तरी चालतं. हा प्रकार रूढ केला जॉन रेव्हन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने. त्याची मूळ चाचणी १९३८ साली छापली गेली. साठ प्रश्न, बारा-बाराचे पाच संच, प्रत्येक संच सोप्यापासून अवघडाकडे जाणारा. भाषा लागत नाही म्हणून ती जगभर गेली आणि तिच्या धर्तीवरची कोडी आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या गाइडांपासून कारखान्यांच्या भरतीपर्यंत सगळीकडे पोचली.

परीक्षेच्या हॉलमध्ये मी फिरत असे तेव्हा मुलांच्या पेनाकडे बघायची सवय लागली. बहुतेकांचं पेन सुरुवातीपासूनच उत्तराकृतींवर असायचं. वरच्या आठ घरांवर एक नजर, मग खाली, मग ‘ही बसेल का, ती बसेल का’ असं एकेक आकृती मनात उचलून रिकाम्या घरात ठेवून बघणं. मशीनवर हाच मुलगा कधी असं करत नाही. ड्रॉइंग हातात आलं की तो लांबी वेगळी बघतो, भोक वेगळं बघतो, टॉलरन्स वेगळा बघतो. इथे मात्र आकृती अख्खी गिळायला जातो.

माझ्या शिकवण्याचा सगळा गाभा यातूनच निघाला. आकृती फोडायची. तिच्यात किती ‘वस्तू’ आहेत आणि प्रत्येक वस्तूचं काय काय बदलतंय ते वेगळं काढायचं. एका वेळी एकाच गोष्टीचा माग घ्यायचा आणि बाकीच्या दिसतच नाहीत असं समजायचं. उत्तर बनवून झाल्याशिवाय उत्तराकृतींकडे बघायचंच नाही. त्या हाताने झाका म्हणून मी सांगत असे.

एक कोडं पुरतं सोडवून दाखवतो. हे मी स्वतः बनवलेलं आहे आणि पहिल्या तासाला मी हेच फळ्यावर काढतो. प्रत्येक घरात मधोमध एक बाण आहे आणि चारपैकी एका कोपऱ्यात एक गोळा.

वरची ओळ अशी. पहिल्या घरात बाण सरळ वर, गोळा वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि रिकामा. दुसऱ्यात बाण तिरका, वर-उजवीकडे. गोळा वरच्या उजव्या कोपऱ्यात, रेघा मारलेला. तिसऱ्यात बाण आडवा, उजवीकडे. गोळा खालच्या उजव्या कोपऱ्यात, काळा.

मधली ओळ. पहिल्या घरात बाण उजवीकडे, गोळा खाली डावीकडे, रेघांचा. दुसऱ्यात बाण तिरका, खाली-उजवीकडे. गोळा वर डावीकडे, काळा. तिसऱ्यात बाण सरळ खाली. गोळा वर उजवीकडे, रिकामा.

शेवटची ओळ. पहिल्या घरात बाण खाली, गोळा खाली उजवीकडे, काळा. दुसऱ्यात बाण तिरका, खाली-डावीकडे. गोळा खाली डावीकडे, रिकामा. तिसरं घर आपलं.

आता फक्त बाण बघा. वरच्या ओळीत तो प्रत्येक घराला अर्धा काटकोन, म्हणजे ४५ अंश, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. मधल्या ओळीतही तेच. मग शेवटच्या ओळीत खाली, खाली-डावीकडे, आणि पुढे डावीकडे. इथे थांबायचं नाही, उभ्या ओळीत पडताळायचं. पहिल्या उभ्या ओळीत बाण वर, उजवीकडे, खाली असा पूर्ण काटकोनाने फिरतोय. शेवटच्या उभ्या ओळीत उजवीकडे, खाली, म्हणजे पुढचा डावीकडे. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं, बाणाचं काम संपलं.

मग गोळ्याची जागा. आडव्या ओळीत तो एकेक कोपरा घड्याळाच्या दिशेने सरकतो, उभ्या ओळीत एकेक कोपरा उलट दिशेने. खाली उजवीकडे, खाली डावीकडे, म्हणून आता वर डावीकडे. उभ्या ओळीत खाली उजवीकडे, वर उजवीकडे, म्हणून वर डावीकडे. जुळलं.

शेवटी रंग. रंगाला इथे दिशा नाही, वाटणी आहे. प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत रिकामा, रेघांचा आणि काळा असे तिन्ही एकेकदा आलेत. शेवटच्या ओळीत काळा आणि रिकामा झाले, राहिला रेघांचा. तर उत्तर: बाण डावीकडे, गोळा वर डावीकडे, रेघांचा.

आता हात उचला. चार उत्तराकृती अशा आहेत. अ: बाण खाली, गोळा वर उजवीकडे, रिकामा. ब: बाण डावीकडे, गोळा वर डावीकडे, काळा. क: बाण डावीकडे, गोळा वर डावीकडे, रेघांचा. ड: बाण तिरका, वर-डावीकडे, गोळा वर डावीकडे, रेघांचा.

चुकीच्या उत्तराकृती मला बरोबरपेक्षा जास्त सांगतात. अ निवडणाऱ्याने रिकाम्या घराच्या वरचं घर जसंच्या तसं उचललंय. त्याने नियम शोधायला सुरुवातच केलेली नाही. लहान मुलांत आणि घाबरलेल्या उमेदवारांत हे फार दिसतं. ब निवडणाऱ्याला दिशा आणि जागा दोन्ही कळल्यात, रंगाला मात्र त्याने वाटणी न समजता ‘गडद होत जातो’ असं समजलंय, कारण पहिली ओळ तशी दिसते. ड वाला सर्वांत हुशार असतो. त्याने उभ्या ओळीतला काटकोन आडव्या ओळीत लावला. त्याला फक्त ‘कोणता नियम कुठल्या दिशेचा’ हे लिहून ठेवायची सवय नाही.

लिहून ठेवणं, हा या कामातला सर्वांत रटाळ आणि सर्वांत उपयोगी भाग. अमेरिकेतल्या कार्पेंटर, जस्ट आणि शेल या तिघांनी १९९० साली रेव्हनच्याच दुसऱ्या, जास्त अवघड चाचणीचा बारकाईने अभ्यास छापला होता. त्यांना सगळ्या कोड्यांत मिळून नियमांच्या मोजक्या पाचच जाती सापडल्या: ओळभर तेच राहणं, पायरीपायरीने वाढणं-घटणं, दोन आकृत्यांची बेरीज किंवा वजाबाकी, तीन गोष्टींची वाटणी आणि दोन गोष्टींची वाटणी. जास्त गुण मिळवणारे आणि अडणारे यांच्यात फरक पडत होता तो बराचसा अनेक नियम एकाच वेळी डोक्यात सांभाळण्यात. हे वाचलं तेव्हा मला टूलरूममधलं आमचं कागदाच्या चिठोऱ्यावर कट लिहून ठेवणं आठवलं. मी मुलांना कोड्याच्या बाजूला तीन शब्द लिहायला लावू लागलो: बाण, जागा, रंग. प्रत्येकापुढे नियम. ‘मध्ये वेळ जातो’ ही तक्रार पहिल्या आठवड्यात येते आणि त्यात तथ्य आहे. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीला ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात. तिथे प्रत्येक आकृतीपुढे निबंध लिहीत बसता येत नाही. पण तीन शब्दांना दहा सेकंद लागतात, आणि रंग विसरून परत पहिल्या घरापासून सुरू करायला त्याच्या कितीतरी पट.

फिरण्याची भाषा हीदेखील एक अडचण होती. घड्याळाच्या दिशेने, उलट दिशेने, असं मी म्हणायचो आणि मुलं मान डोलवायची. पण हातांच्या खुणा उलटसुलट यायच्या. एकदा मागच्या बाकावरून एक फिटर म्हणाला, “सर, बाण टाइटच्या बाजूला फिरतोय ना?” बोल्ट आवळायची बाजू, म्हणजे घड्याळाचीच. तेव्हापासून आमच्या वर्गात ‘टाइट’ आणि ‘ढिला’ एवढ्यावर काम भागतं. (बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो, हे सांगून वर्गात गोंधळ घालणारा एक तरी निघतोच.)

टाइट की ढिला, यावर वाद रंगतात तेव्हा मी एक गोष्ट दाखवतो. चार कोपऱ्यांत गोळा एक कोपरा ढिल्याकडे सरकला काय आणि तीन कोपरे टाइटकडे सरकला काय, पोचतो तिथेच. समोरासमोरच्या कोपऱ्यात गेला तर दिशा विचारण्यालाच अर्थ नाही. बाण १८० अंशांत उलटला तरी तसंच. असल्या भांडणात परीक्षेची मिनिटं घालवू नयेत. उत्तर दोन्ही बाजूंनी एकच येतं. तसंच अधिकचं चिन्ह काटकोनात फिरवलं तर फिरलंय हे कळणारच नाही. आकृती ‘तीच राहिली’ असं वाटलं की आधी ती फिरूनही तशीच दिसणारी आहे का ते बघावं.

फिरणं आणि आरशातली प्रतिमा यांत मात्र फसगत खरी असते, आणि ती समजावायला चाकणइतकी सोयीची जागा नसेल. इथे लाइनवर काम केलेल्या प्रत्येकाला एलएच आणि आरएच माहीत असतात. गाडीच्या डाव्या बाजूचा ब्रॅकेट आणि उजव्या बाजूचा ब्रॅकेट दिसायला सारखेच, भोकं तेवढीच, पण एक दुसऱ्याचा आरसा. एलएच हातात घेऊन कसाही फिरवा, त्याचा आरएच होत नाही. उलटा करून बसवायला गेलात तर भोकं जुळतील एखादवेळी, पण दुमडलेली कड नको त्या बाजूला येईल. कोड्यातही हेच. दांड्याला लावलेला झेंडा असेल तर दांड्याचं टोक मनात वर करून धरा आणि झेंडा कोणत्या हाताला येतो ते बघा. सगळ्या घरांत उजव्या हातालाच येत असेल तर आकृती फक्त फिरतेय. एका घरात डाव्या हाताला आला, तर तिथे आरसा लागलाय. बाणावर ही युक्ती चालत नाही, कारण बाणाच्या दोन्ही बाजू सारख्या. त्याचा एलएच आणि आरएच एकच. म्हणूनच कोडं बनवणारे आरशाच्या प्रश्नात झेंडा, एल किंवा एफ असले एकांगी आकार घेतात. नुसता आकार पाहूनच कोड्यात आरसा असू शकतो का, हे अर्धं कळतं.

दुसरी एक फसगत अशी: सगळी आकृती फिरतेय की तिच्यातल्या वस्तू आपापल्या फिरतायत? वरच्या कोड्यात गोळा एका घराला एक कोपरा सरकतो, म्हणजे चौकटीभोवती पाव फेरी. बाण मात्र अर्धाच काटकोन. अख्खी आकृती फिरत असती तर दोघांचा वेग एकच आला असता. वेग वेगळे, म्हणून नियम वेगळे. पहिल्या दोन घरांतच हे कळतं आणि पुढचा अंदाजपंचे मार्ग बंद होतो.

नोकरी सोडल्यावर मी चिखलीत संध्याकाळचे वर्ग सुरू केले. शिफ्ट सुटून आलेली मुलं, आठवीची मुलं, कधी त्यांच्या आयाही मागच्या बाकावर. तिथे एका मुलीने एका गाइडातलं कोडं आणलं. घरांत फक्त उभ्या रेघा होत्या. वरच्या ओळीत एक, दोन, तीन. मधल्या ओळीतही एक, दोन, तीन. शेवटच्या ओळीत दोन, तीन आणि प्रश्नचिन्ह. गाइडात उत्तर पाच होतं, कारण पहिल्या दोन घरांची बेरीज तिसऱ्यात. तिचं म्हणणं चार, कारण प्रत्येक घराला एक रेघ वाढते. पहिल्या दोन ओळींना दोन्ही नियम अगदी चपखल बसतात. एक आणि दोनची बेरीजही तीन आणि दोनच्या पुढचाही तीन. वर्गात दोन तट पडले. मी उभ्या ओळींकडे बोट केलं. पहिली उभी ओळ एक, एक, दोन; दुसरी दोन, दोन, तीन; तर तिसरी तीन, तीन, चार. दोन्ही दिशांनी जुळतं ते चारच. पाच धरलं तर शेवटच्या उभ्या ओळीत एकदम दोन रेघांची उडी येते, जी इतर कुठे नाही.

पण त्या दिवशी हेही सांगावं लागलं की गणिताच्या कसोटीवर पाच ‘चूक’ म्हणता येणार नाही. आठ घरं दिल्यावर नववं काय असावं हे तर्काने एकच निघतं असं नाही. आपण सर्वांत साधा आणि दोन्ही दिशांना लागू पडणारा नियम निवडायचा, एवढा अलिखित करार कोडं घालणारा आणि सोडवणारा यांच्यात असतो. हा करार शाळेत ज्याच्या कानावर पडला त्याला पुढे सोपं जातं. बीडहून आलेल्या टर्नरला तो कुणी सांगितलेला नसतो, आणि त्याचे गुण कमी पडतात तेव्हा कागदावर लिहिलं जातं की याची बुद्धी कमी. भरतीच्या बाजूने त्या टेबलावर बसलेलो असताना मला हे बोचत असे. वर्ग चालवू लागल्यावर उलटी गोष्ट बोचू लागली. सरावाने गुण वाढतात, चांगलेच वाढतात. नियमांच्या पाच जाती माहीत असलेला मुलगा कोडं ‘शोधत’ नाही, यादीतून पडताळतो. त्याची आकलनशक्ती तेवढी वाढली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, “तुझी पोरं आकृत्यांत पैकीच्या पैकी घेतात रे, पण त्यावरून आता काही कळेना,” तेव्हा मी हसलो. पण तो बोलला ते खरं होतं.

त्याहून पुढची गंमत एका वेल्डरने केली. सराव परीक्षेत त्याला आकृत्यांत उत्तम गुण पडत आणि त्याच्या कागदावर बाण, जागा, रंग यातलं काहीही लिहिलेलं नसे. मला वाटलं तोंडी करतो. विचारलं तर म्हणाला, “सर, मी वरचं बघतच नाही.” मी प्रश्नाकृतींवर वही ठेवली आणि वरचंच कोडं, अ ते ड एवढंच दाखवलं. त्याने मोजलं: बाण डावीकडे दोनदा, खाली एकदा, तिरका एकदा. गोळा वर डावीकडे तीनदा. रेघांचा दोनदा, काळा एकदा, रिकामा एकदा. जे जे जास्त वेळा आलं ते सगळं ज्याच्यात आहे तो क. आणि क बरोबरच होतं.

त्याने कोडं सोडवलं नव्हतं, कोडं घालणाऱ्याला पकडलं होतं. चुकीच्या उत्तराकृती बनवताना आपण बरोबर उत्तर घेतो आणि त्यातली एक गोष्ट बदलतो: एकदा रंग, एकदा बाण. मग बरोबर उत्तर आपोआप सगळ्यांच्या मधोमध येऊन बसतं, इतर सगळे त्याचेच नातेवाईक. मी माझी जुनी टाचणं काढून बघितली. निम्म्याहून जास्त कोडी त्याच्या रीतीने वरचं न बघता सुटत होती.

आता मी उत्तराकृती वेगळ्या रीतीने मांडतो. दोन गोष्टी घ्यायच्या, प्रत्येकीची दोन रूपं, आणि त्यांच्या चारही जोड्या करायच्या. वरच्या कोड्यात गोळा सगळीकडे वर डावीकडेच ठेवला, बाण डावीकडे किंवा तिरका वर-डावीकडे, आणि रंग रेघांचा किंवा काळा. डावीकडे-रेघांचा, डावीकडे-काळा, तिरका-रेघांचा, तिरका-काळा. प्रत्येक रूप बरोबर दोनदा येतं, मोजून काही हाती लागत नाही. वेल्डरला दिलं तेव्हा तो बराच वेळ चारही आकृत्या मोजत बसला आणि मग नाइलाजाने वरची वही सरकवली.

याला किंमत द्यावी लागते. गोळ्याची जागा आता कुणाला चुकवताच येत नाही, आणि वरचं घर जसंच्या तसं उचलणारा मुलगा कोणता, हेही या चार उत्तराकृतींवरून कळत नाही. त्यासाठी सहा उत्तराकृतींचं एक वेगळं कोडं करून पाहतोय. दोनदा मांडलं, दोन्हीदा मोजणी कुठेतरी एका बाजूला झुकतेच.